डब्लिनचा जानेवारी आणि गल्फ प्रवाह

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका कार्यशाळेत मी सागरी प्रवाहांवर बोलत होतो. फळ्यावर अटलांटिक महासागराचा नकाशा काढून, गल्फ प्रवाह उष्ण पाणी घेऊन ईशान्येकडे कसा जातो आणि त्यामुळे पश्चिम युरोपचे हवामान कसे सौम्य राहते, हे नेहमीचे प्रकरण मी सांगून टाकले. पुराव्यादाखल अटलांटिकच्या दोन बाजूंची, जवळजवळ एकाच अक्षवृत्तावरची दोन ठिकाणे दाखवली. आयर्लंडमधले डब्लिन आणि कॅनडाच्या लॅब्राडोर भागातले गूस बे, दोन्ही साधारण ५३ अंश उत्तरेला. जानेवारीत डब्लिनचे सरासरी तापमान ५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते, तर गूस बेचे उणे १७ च्या आसपास. फरक २२ अंशांचा.

व्याख्यान संपल्यावर कोकणातल्या एका शिक्षिका पुढे आल्या. त्यांनी वहीत दोन्ही गावांची जुलैचीही तापमाने लिहून आणली होती. त्या म्हणाल्या, "सर, जुलैत दोन्हीकडे साधारण १५ अंश दिसतात. मग उन्हाळ्यात गल्फ प्रवाह वाहायचा थांबतो का?"

प्रवाह अर्थातच थांबत नाही. तो बारा महिने वाहतो. तरीही एक गाव दुसऱ्यापेक्षा २२ अंशांनी उबदार असते ते फक्त हिवाळ्यात, आणि उन्हाळ्यात फरक जवळजवळ नाहीसा होतो. त्या वेळी मी काहीतरी उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. प्रश्न मात्र अगदी योग्य होता. आपण सगळेच वर्गात सांगतो ते "गल्फ प्रवाहामुळे युरोप उबदार" हे वाक्य कितपत खरे आहे, हे या लेखात तपासून पाहू.

वाक्य आले कुठून?

गल्फ प्रवाहाचा एक प्रसिद्ध नकाशा जन्मला तो टपालाच्या तक्रारीतून. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतींच्या टपालखात्याचे काम पाहत होते. इंग्लंडहून अमेरिकेकडे येणाऱ्या टपालाच्या जहाजांना व्यापारी जहाजांपेक्षा कितीतरी दिवस जास्त लागतात, अशी तक्रार होती. फ्रँकलिन यांच्या नात्यातले टिमोथी फोल्जर हे दर्यावर्दी होते. देवमाशांच्या शिकारीमुळे हा प्रवाह त्यांना चांगला ठाऊक होता. टपालाची जहाजे त्याच्या विरुद्ध दिशेने झगडत येतात, व्यापारी जहाजे त्याला टाळून येतात, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या मदतीने फ्रँकलिन यांनी १७६९-७० च्या सुमारास प्रवाहाचा नकाशा छापून घेतला. पुढे स्वतःच्या सागरप्रवासात ते पाण्यात तापमापक बुडवून, आपण प्रवाहात आहोत की बाहेर, हे पाहत असत.

युरोपच्या उबेशी या प्रवाहाचे नाते ठळकपणे जोडले ते अमेरिकी नौदलातील मॅथ्यू फाँटेन मॉरी यांनी. १८५५ साली प्रसिद्ध झालेल्या सागरी भूगोलाच्या आपल्या पुस्तकात त्यांनी गरम पाण्याच्या नळांनी घर उबदार ठेवण्याच्या व्यवस्थेचा दाखला दिला. मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला बंब, मध्ये प्रवाहाचा नळ आणि दुसऱ्या टोकाला युरोपची उबदार खोली, अशी ती कल्पना. दाखला इतका सुटसुटीत होता की दीडशे वर्षे तो पाठ्यपुस्तकांतून फिरत राहिला.

बंब किती मोठा आहे?

मॉरींच्या दाखल्यातला पहिला भाग, म्हणजे प्रवाह प्रचंड उष्णता वाहून नेतो हा, अगदी बरोबर आहे. त्याचा हिशोब आपल्यालाही करता येईल.

एक घनमीटर समुद्राचे पाणी १ अंशाने निवले तर सुमारे ४१ लाख ज्यूल उष्णता बाहेर पडते. एक घनमीटर हवा १ अंशाने तापवायला लागतात फक्त सुमारे १२०० ज्यूल. म्हणजे एक घनमीटर पाणी एका अंशाने निवले तर सुमारे ३४०० घनमीटर हवा एका अंशाने तापू शकते. समुद्राच्या वरच्या अवघ्या अडीच मीटर पाण्यात जेवढी उष्णता मावते, तेवढीच त्याच्यावरच्या सबंध वातावरणात मावते.

आता प्रवाहाकडे वळू. फ्लॉरिडा आणि बहामा बेटे यांच्यामधल्या सामुद्रधुनीतून दर सेकंदाला सुमारे ३ कोटी २० लाख घनमीटर पाणी उत्तरेकडे जाते. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढे पाणी ओततात त्याच्या पंचवीसपटीहून हे अधिक आहे. हे मोजण्याची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. खारे पाणी विद्युतवाहक असते. ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहते तेव्हा त्यात विद्युतदाब निर्माण होतो. सामुद्रधुनीच्या तळाशी टाकलेल्या, वापरातून गेलेल्या दूरध्वनीच्या केबलच्या दोन टोकांमधला दाब मोजून प्रवाहाचा जोर कळतो. १९८२ पासून अनेक वर्षे अशी मापने घेतली गेली.

यातले सगळे पाणी युरोपकडे जात नाही. मोठा भाग महासागराच्या मध्यातून वळसा घेऊन पुन्हा दक्षिणेकडे येतो. उरलेले पाणी उत्तर अटलांटिक प्रवाहाच्या रूपाने आइसलंड आणि नॉर्वेच्या बाजूला जाते. तिथे ते निवते, जड होते, खाली बुडते आणि खोल समुद्रातून दक्षिणेकडे परतते. या उभ्या अभिसरणाची मोजणी २६.५ अंश उत्तरेला बहामा बेटांपासून मोरोक्कोपर्यंत नांगरून ठेवलेल्या उपकरणांच्या साहाय्याने २००४ पासून होत आहे. सरासरी आकडा दर सेकंदाला सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर.

वरून जाणारे पाणी आणि खालून परतणारे पाणी यांच्या तापमानात ढोबळमानाने १५ अंशांचा फरक धरू. १ कोटी ७० लाखांना ४१ लाखांनी गुणले की सुमारे ७० लाख कोटी येतात. त्याला १५ ने गुणले की १ वर १५ शून्ये, इतके ज्यूल दर सेकंदाला. प्रत्यक्ष मापनातून आलेला आकडा याहून थोडा मोठा, सुमारे १.२ पट आहे. प्रत्येकी एक हजार मेगावॅटची बारा लाख वीजकेंद्रे एकदम चालावीत, तेवढी ही उष्णता. बंब खरोखरच मोठा आहे.

पण बंब मोठा आहे एवढ्यावरून एखादी विशिष्ट खोली त्याच्यामुळेच उबदार आहे, हे सिद्ध होत नाही. इथेच त्या शिक्षिकेचा प्रश्न कामाला येतो.

नकाशाच्या दुसऱ्या टोकाला

एखादे कारण खरे की खोटे हे ठरवण्याची एक साधी रीत आहे. कारण नसलेले ठिकाण शोधावे आणि तिथे परिणाम दिसतो का ते पाहावे. म्हणून आता अटलांटिक सोडून प्रशांत महासागराकडे जाऊ.

साधारण ४३ अंश उत्तरेला, प्रशांतच्या पश्चिम काठाकडे, रशियाचे व्लादिवोस्तोक बंदर आहे. जानेवारीचे सरासरी तापमान उणे १२ च्या आसपास. त्याच अक्षवृत्तावर, पलीकडच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर, ओरेगॉन राज्यातले कूस बे गाव आहे. तिथे जानेवारीत सुमारे ७ ते ८ अंश असतात. फरक पुन्हा वीस अंशांच्या घरातला.

पण ओरेगॉनच्या किनाऱ्याबाहेरचा प्रवाह कोणता? नकाशावर पाहा: कॅलिफोर्निया प्रवाह, आणि तो पाठ्यपुस्तकात थंड प्रवाह म्हणून निळ्या रंगात दाखवलेला असतो. उत्तर प्रशांतमध्ये पाणी बुडून खोलातून परतण्याचे, अटलांटिकसारखे मोठे अभिसरणही नाही. म्हणजे उष्ण प्रवाह बाजूला नसतानाही महासागराच्या पूर्व काठावरचा हिवाळा सौम्य आणि पश्चिम काठावरचा कडक, हे चित्र तसेच राहते. तेव्हा या चित्राचे मुख्य कारण प्रवाहाशिवाय दुसरे काहीतरी असले पाहिजे.

वाऱ्याची बाजू

ते कारण शोधण्यासाठी दोन गोष्टी एकत्र ठेवाव्या लागतात: समुद्र उष्णता साठवतो ही एक, आणि ४० ते ६० अंशांच्या पट्ट्यात वारे मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात ही दुसरी.

उन्हाळ्यात जमिनीचा फक्त वरचा दोन-तीन मीटरचा थर तापतो. समुद्रात मात्र लाटा आणि वारा पाणी घुसळत राहतात, त्यामुळे ऊब कितीतरी खोलवर पसरते. हिवाळा आला की हाच साठा समुद्र हवेला देऊ लागतो. समजा समुद्राचा वरचा ५० मीटरचा थर हिवाळ्याच्या चार महिन्यांत ५ अंशांनी निवला. प्रत्येक चौरस मीटरमागे ५० घनमीटर पाणी, त्याला ४१ लाखांनी आणि मग ५ ने गुणले, आणि चार महिन्यांतल्या सेकंदांनी, म्हणजे सुमारे एक कोटीने भागले, की दर चौरस मीटरला सुमारे १०० वॅट मिळतात. डब्लिनला डिसेंबरमध्ये दिवसरात्रीच्या सरासरीने सूर्याकडून जेमतेम २० वॅट मिळतात. म्हणजे भर हिवाळ्यात तिथला समुद्र सूर्याच्या पाचपट उष्णता देतो. यातली पुष्कळशी त्याने उन्हाळ्यात तिथल्या तिथे साठवलेली असते.

ही उष्णता पोचते कोणाला? वारा जिकडे नेईल त्याला. आयर्लंडला पश्चिमेकडून येणारी हवा हजारो किलोमीटर समुद्रावरून आलेली असते. गूस बेला पश्चिमेकडून येणारी हवा कॅनडाच्या गोठलेल्या जमिनीवरून आलेली असते. लॅब्राडोरच्या पुढ्यातही समुद्र आहे, पण वारा त्याच्याकडे पाठ करून वाहतो. उन्हाळ्यात मात्र ती जमीन तापते, समुद्र थंडावा देतो, आणि जुलैत दोन्ही ठिकाणे एका पातळीवर येतात. शिक्षिकेच्या वहीतल्या आकड्यांचा अर्थ हा होता.

आपल्याकडे याचीच उन्हाळी बाजू दिसते. मे महिन्यात सोलापूरला दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा साधारण त्याच अक्षवृत्ताजवळच्या रत्नागिरीला तो ३२-३३ वर असतो. त्यासाठी कोणत्याही थंड प्रवाहाचा हवाला आपण देत नाही. समुद्रावरून येणारा वारा एवढे कारण आपल्याला पुरते.

पर्वताचा हात

अटलांटिकच्या बाबतीत आणखी एक भिडू आहे, आणि तो समुद्रापासून खूप दूर आहे: उत्तर अमेरिकेतला रॉकी पर्वत. पश्चिमेकडून येणारा वारा या उंच भिंतीवर चढतो तेव्हा हवेचा उभा स्तंभ वरून दबतो आणि आडवा पसरतो. पृथ्वी फिरत असल्यामुळे हवेच्या प्रत्येक स्तंभाला स्वतःची एक गिरकी असते. फुगडी खेळताना हात ताणून मागे झुकले की गिरकी मंदावते आणि जवळ आले की वाढते. तसेच, पसरलेल्या स्तंभाची गिरकी मंदावते. तो आपल्या मार्गावरून उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे वळतो. पर्वत उतरून खाली आल्यावर तो पुन्हा उभा ताणला जातो, गिरकी वाढते आणि काही अंतराने तो डावीकडे, उत्तरेकडे वळतो.

परिणाम असा की पर्वताच्या पूर्वेला वारे वायव्येकडून येतात आणि ध्रुवाकडची थंड हवा पूर्व अमेरिकेवर आणून टाकतात. तेच वारे अटलांटिक ओलांडताना नैऋत्येकडून ईशान्येकडे वाहू लागतात, आणि युरोपला दक्षिणेकडची, कोमट समुद्रावरून आलेली हवा मिळते. नागमोडी वाऱ्याचे हे एकच वळण एका किनाऱ्याला गारठवते आणि दुसऱ्याला ऊब देते.

प्रवाह बंद करून पाहिला

प्रत्यक्ष महासागरातला प्रवाह कोणाला बंद करता येत नाही, पण संगणकावरील हवामानाच्या प्रतिकृतीत करता येतो. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाचे रिचर्ड सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग केला आणि २००२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांनी समुद्राला उष्णता साठवू दिली आणि परत देऊ दिली, पण एका जागेहून दुसऱ्या जागी नेऊ दिली नाही. दुसऱ्या एका प्रयोगात त्यांनी पर्वत सपाट केले.

प्रवाहांची वाहतूक बंद केल्यावर युरोप थंड झाला, पण बहुतेक ठिकाणी काही अंशांनीच, आणि पलीकडचा अमेरिकेचा किनाराही जवळपास तेवढाच थंड झाला. दोन काठांमधला मोठा फरक तसाच राहिला. पर्वत काढून टाकल्यावर मात्र तो फरक निम्म्याच्या आसपास कमी झाला. म्हणजे या प्रतिकृतीनुसार २२ अंशांच्या फरकाचे स्पष्टीकरण पर्वताने वळवलेले वारे आणि समुद्राचा ऋतुमानानुसार होणारा साठा यांच्यातच बहुतांशी सापडते.

या निष्कर्षावर वाद झाले आणि ते पूर्णपणे मिटलेले नाहीत. नॉर्वेजवळचा समुद्र हिवाळ्यात इतकी उष्णता देतो की ती सगळी तिथल्या उन्हाळ्यात साठवलेली असणे शक्य नाही, ती दक्षिणेकडून आलीच पाहिजे, असे काही समुद्रशास्त्रज्ञ दाखवून देतात. वारा जी उष्णता युरोपला नेतो, त्यातला एक भाग आधी प्रवाहानेच त्याच्या हाती दिलेला असतो, हेही खरे. तेव्हा प्रवाहाचे काम शून्य नाही. ते कुठे दिसते, हा खरा प्रश्न आहे.

जिथे प्रवाहाचे काम दिसते

ते दिसते उत्तरेला. नॉर्वेचे ट्रोम्सो शहर जवळजवळ ७० अंश उत्तरेला, ध्रुववृत्ताच्याही वर आहे. जानेवारीत तिथली सरासरी उणे ३-४ अंशांच्या आसपास असते. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचे इलुलिसात जवळपास त्याच अक्षवृत्तावर आहे, पण तिथे ती उणे १३ च्या आसपास. रशियाचे मुरमान्स्क बंदर ६९ अंशांवर असूनही हिवाळ्यात उघडे राहते. दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांची रसद घेऊन जहाजे तिथे हिवाळ्यातही जाऊ शकली ती याचमुळे.

इथे सूर्य हिवाळ्यात उगवतच नाही आणि उन्हाळ्याचा साठा पुरत नाही. दक्षिणेकडून येणारे पाणी बर्फाला दूर ठेवते, आणि सगळी मेख त्या बर्फात आहे. उघडा समुद्र कितीही थंड असला तरी गोठणबिंदूच्या, म्हणजे उणे २ अंशांच्या खाली जात नाही, त्यामुळे त्याच्यावरची हवा सतत तापत राहते. त्यावर एक-दोन मीटर बर्फ जमला की समुद्राला झाकण बसते. खालची उष्णता खालीच राहते आणि वरची हवा उणे ३० पर्यंतही उतरू शकते. प्रवाहाने आणलेले काही अंश बर्फाची सीमा शेकडो किलोमीटर मागे ढकलतात. म्हणूनच दक्षिण आयर्लंडमध्ये जो परिणाम किरकोळ भासतो, तो उत्तर नॉर्वेत निर्णायक ठरतो.

प्रवाह थांबेल का?

ही बातमी अधूनमधून वर्तमानपत्रांत येते आणि विद्यार्थी हमखास विचारतात. उत्तर देताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. गल्फ प्रवाह मुख्यतः वारा आणि पृथ्वीचे फिरणे यांमुळे वाहतो. व्यापारी वारे आणि पश्चिमी वारे मिळून अटलांटिकचे पाणी चक्राकार फिरवतात, आणि पृथ्वी गोल असून फिरत असल्यामुळे या चक्राची पश्चिम कड अरुंद व वेगवान होते. हे हेन्री स्टॉमेल यांनी १९४८ साली गणिताने दाखवले. वारे आहेत तोवर गल्फ प्रवाह राहणार.

काळजी आहे ती उत्तरेत पाणी बुडून परतण्याच्या अभिसरणाची. ते पाणी बुडते कारण ते थंडही असते आणि खारटही. त्यात बर्फ वितळून गोडे पाणी मिसळले तर ते हलके होते. हे वर्गात सहज दाखवता येते. दोन काचेचे पेले घ्या. एकात साधे पाणी, दुसऱ्यात तेवढेच पाणी, पण चार-पाच चमचे मीठ विरघळवलेले. दोन्ही पाणी खोलीच्या तापमानाला आल्यावर प्रत्येकात शाई घालून गोठवलेला बर्फाचा एकेक खडा अलगद सोडा. साध्या पाण्यात वितळलेले थंड निळे पाणी धारेने तळाशी उतरते. मिठाच्या पाण्यात ते वरच थर करून राहते, आणि तो खडा विरघळायलाही जास्त वेळ लागतो. कोणत्या पेल्यातला बर्फ आधी संपेल, हे विद्यार्थ्यांना आधीच विचारून ठेवावे. बहुतेकांचे उत्तर चुकते. दुसऱ्या पेल्यातला निळा थर म्हणजे ग्रीनलंडच्या वितळत्या बर्फाचे उत्तर अटलांटिकवरचे झाकण.

गेल्या शंभर वर्षांत पृथ्वीवरचा जवळजवळ सगळा समुद्र तापला असताना ग्रीनलंडच्या दक्षिणेचा एक पट्टा मात्र थोडा निवला आहे. अभिसरण मंदावत असल्याची ही खूण असावी, असे अनेकांना वाटते. थेट मापने मात्र २००४ पासूनचीच आहेत, आणि त्यांतले चढउतार मोठे आहेत. २००९-१० मध्ये अभिसरण जवळपास वर्षभर सुमारे ३० टक्क्यांनी घटले आणि पुन्हा सावरले. इतक्या थोड्या वर्षांवरून कायमचा कल ठरवणे कठीण जाते. हवामानबदलावरील आंतरशासकीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात अभिसरण मंदावणे अत्यंत संभवनीय आहे. २१०० पूर्वी ते एकाएकी कोसळणार नाही असेही मंडळाला वाटते, पण या दुसऱ्या विधानाबद्दलचा विश्वास मंडळाने स्वतःच मध्यम म्हटला आहे. ते कोसळलेच तर किती थंडी पडेल, याबद्दल प्रतिकृतींची उत्तरे वेगवेगळी येतात. बर्फाचे झाकण दक्षिणेकडे किती सरकते, यावर ती बरीचशी अवलंबून असतात.

मग फळ्यावर काय लिहायचे?

"गल्फ प्रवाहामुळे युरोप उबदार" हे वाक्य पुसून टाकण्याची गरज नाही, पण ते एकटे ठेवू नये. डब्लिन आणि गूस बे यांच्यातला फरक मुख्यतः वाऱ्याची दिशा आणि समुद्राचा साठा यांचा आहे, आणि त्या वाऱ्याला रॉकी पर्वताने वळण दिलेले आहे. प्रवाह अटलांटिकच्या दोन्ही काठांना काही अंशांची ऊब देतो, आणि जसजसे उत्तरेला जावे तसतसा त्याचा वाटा वाढत जातो.

वर्गात हे सांगण्याऐवजी मुलांकडून काढून घेता येते. नकाशासंग्रह घेऊन महासागराच्या समोरासमोरच्या काठांवरच्या, सारख्या अक्षवृत्तांवरच्या गावांच्या जोड्या शोधायला सांगाव्यात, आणि प्रत्येकीपुढे जानेवारी व जुलै अशी दोन्ही तापमाने लिहून घ्यावीत. एकच महिना लिहिला की उत्तर पाठ्यपुस्तकासारखेच येते. दुसरा महिना शेजारी लिहिला की त्या शिक्षिकेचा प्रश्न कोणीतरी विचारतोच.